कोबी, फ्लॉवर आणि पातेल्यावरचे झाकण

ज्या घरात पाच माणसांचा स्वयंपाक होतो, तेथे कोबीची भाजी केव्हा शिजली हे शेजारच्या खोलीतही कळत नाही. ज्या वसतिगृहात दीडशे मुलांचा स्वयंपाक होतो, तेथे मात्र त्या दिवशी कोबी आहे ही वार्ता तिसऱ्या तासालाच वर्गावर्गांत पोहोचलेली असते. वास नाकाला लागला की मुले ताटावर बसण्यापूर्वीच मनाने भाजी बाजूला सारतात. पुढे खरकट्याच्या बादलीत कोबीच अधिक दिसते. त्यावर मोठ्यांचे म्हणणे असे की, मुलांना जिभेचे चोचले सुचतात. मुलांचे म्हणणे असे की, कोबी ही भाजीच वाईट. स्वयंपाकघरातील मावशींचे म्हणणे असे की, बाजारातून आलेला मालच तसा. आम्हांला वाटते की, या तिन्ही म्हणण्यांत मुख्य गोष्ट सुटते. तीच कोबी, तोच बाजार आणि तीच मुले असूनही घरी तो वास येत नसेल, तर घर आणि वसतिगृह यांच्यात काय बदलते, हा प्रश्न विचारला पाहिजे. बदलतात त्या गोष्टी दोनच : भाजी उष्णतेवर किती वेळ राहते, आणि त्या वेळात तिच्यावर झाकण असते की नाही.

आमच्याकडे हिला कोणी पानकोबी म्हणतात, कोणी पत्ताकोबी, तर फ्लॉवरला फुलकोबी. दोन्ही भाज्या मूळच्या युरोपातील समुद्रकाठच्या एकाच रानटी रोपाच्या संतती आहेत. माणसाने एकीची पाने मिटवीत नेऊन गड्डा केला आणि दुसरीचा फुलोरा अर्धवट वाढीत रोखून त्याचा पांढरा गोळा केला. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कोव्ह’ या शब्दावरून आपल्याकडे रुळला. फुलकोबी त्यामानाने उशिरा आली. १८२२ साली इंग्लंडहून तिचे बियाणे सहारनपूरच्या कंपनी बागेत आणले गेले, अशी नोंद आहे. म्हणजे या भाज्या आपल्या स्वयंपाकात आल्या त्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. मात्र त्यांचे एक भावंड आपल्या घरात फार जुने आहे, आणि या वासाचे कोडे सोडवायला तेच उपयोगी पडते. ते भावंड म्हणजे मोहरी.

मोहरीचा अख्खा दाणा तोंडात धरला तर काही जाणवत नाही. तीच मोहरी लोणच्यासाठी पाणी घालून फेसली की तिचा झणका नाकात जातो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. हा झणका दाण्यात आधीपासून तयार नसतो. दाण्याच्या पेशींत दोन द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. एक ग्लुकोसिनोलेट नावाचे गंधकयुक्त द्रव्य, आणि दुसरे त्याला फोडणारे मायरोसिनेज नावाचे विकर. दाणा अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. तो चिरडला, त्यात पाणी शिरले की कप्प्यांच्या भिंती मोडतात, विकर आपले काम सुरू करते आणि तिखट, उडून जाणारे तेल तयार होते. किडीने पान कुरतडले तर तिला धडा मिळावा म्हणून वनस्पतीने केलेली ही तजवीज आहे. उलट मोहरी फोडणीत तडतडली की ती झणझणीत राहत नाही, नुसती खमंग लागते, कारण तापलेल्या तेलात विकर क्षणात निकामी होते. फेसलेली मोहरी आणि फोडणीची मोहरी यांच्यातला हा फरक ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला कोबीच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा येतोच.

कोबी आणि फ्लॉवर यांतही हीच दोन द्रव्ये, हाच कप्प्यांचा बंदोबस्त असतो. कोबी विळीवर चिरताना जो हलका तिखट, मोहरीसारखा वास येतो, तो याच भेटीचा. हा वास वाईट नव्हे. कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीची चव त्यावरच उभी आहे. परंतु या भाज्यांत गंधकाचा आणखी एक साठा असतो. कांदा-लसणात ज्या जातीचे गंधकद्रव्य असते, त्याच जातीचे एक द्रव्य कोबीत आहे. त्याचे लांबलचक नाव मिथाइल सिस्टीन सल्फॉक्साइड. आपण त्याला या लेखापुरते ‘दुसरा साठा’ म्हणू. याला स्वतःला फारसा वास नाही. उष्णतेने आणि विकरांनी ते मोडते तेव्हा मात्र त्याचे तुकडे अतिशय उग्र वासाचे असतात.

आता पातेल्यात काय घडते ते क्रमाने पाहू. भाजी तापू लागली की प्रथम पेशी सैल होतात, भिंती फुटतात, आणि विकरांना मोकळे रान मिळते. कोमट ते गरम या टप्प्यात ती जोरात काम करतात. तापमान आणखी चढले की ती निकामी होतात. येथपर्यंत भाजी गोडसर लागते, चिरतानाचा तिखटपणा उतरलेला असतो आणि वास सुखद असतो. यानंतरही आच चालू राहिली की दुसरा अंक सुरू होतो, आणि त्याला विकरांची गरज उरत नाही. नुसत्या उष्णतेने आणि पाण्याने तिखट तेल आणि दुसरा साठा, दोन्ही मोडू लागतात. त्यांतून हायड्रोजन सल्फाइड निघते, म्हणजे कुजलेल्या अंड्याच्या वासाचा वायू. त्याच्या जोडीला मिथाइल गटाची गंधकसंयुगे निघतात. त्यांतले डायमिथाइल ट्रायसल्फाइड हे विशेष खोडकर आहे. त्याचा इतका सूक्ष्म अंश नाकाला जाणवतो की, एका मोठ्या पाण्याच्या टाकीत त्याचा एक थेंबही पुष्कळ झाला. ‘शिळ्या कोबीचा वास’ असे आपण म्हणतो, त्यात याचा वाटा मोठा.

महत्त्वाची गोष्ट ही की, हे सारे एकदम होत नाही, आणि वेळेच्या सरळ प्रमाणातही होत नाही. आरंभीची काही मिनिटे फारसे काही बाहेर पडत नाही, मग प्रमाण झपाट्याने चढते. उकळत्या पाण्यात कोबी टाकल्यावर पाचव्या मिनिटापासून सातव्या मिनिटापर्यंतच निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दुप्पट होते, असे पाकशास्त्राच्या ग्रंथांत सांगितलेले आढळते. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास फार पूर्वी झाला आहे. १९२८ साली अमेरिकेतील गृहविज्ञानाच्या एका नियतकालिकात सिम्पसन आणि हॅलिडे या दोन अभ्यासक स्त्रियांनी भाज्या शिजताना त्यांतील गंधकसंयुगे कशी वागतात यावर लेख लिहिला. भाजी जितकी अधिक वेळ शिजवावी तितके हे वायू अधिक, हे तेव्हाच दिसून आले होते. शंभर वर्षे होत आली तरी ही साधी माहिती मोठ्या स्वयंपाकघरांपर्यंत पुरती उतरलेली नाही, हे आम्हांला खटकते.

येथे एक गोष्ट सांगून पुढे जावेसे वाटते. उकडलेल्या कोबीचा वास आणि गरिबी यांची सांगड युरोपात घट्ट बसलेली होती. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीच्या पहिल्याच पानावर, नायकाच्या पडक्या इमारतीचे वर्णन करताना हा वास येतो. कामगारांच्या चाळी, अनाथालये, सैन्याच्या बराकी यांच्या वर्णनांत तो वारंवार भेटतो. वाचणाऱ्याने त्यावरून त्या माणसांविषयी मत बनवावे अशी ती योजना असते. वस्तुतः तो वास माणसांचा नव्हता, त्यांच्या आवडीनिवडीचाही नव्हता. एकच मोठे भांडे, मंद विस्तव, आणि जेवणारे येईपर्यंत तासन् तास झाकून ठेवलेले अन्न, यांचा तो होता. ज्याच्या घरी दोन शेगड्या आणि वेळेवर जेवणारी चार माणसे होती, त्याच्या कोबीला तो येत नव्हता इतकेच.

हे मोठे भांडे नेमके काय करते, हे हिशेबाने पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. घरी चौघापाच जणांसाठी अर्धा किलो कोबी लागतो. कोबीत शंभरात नव्वदाहून अधिक भाग पाणीच असते, म्हणून तो तापवणे हे जवळजवळ तितकेच पाणी तापवण्यासारखे आहे. घरच्या शेगडीची जी उष्णता प्रत्यक्ष भांड्यात उतरते तिने अर्धा किलो कोबी उकळीच्या जवळ न्यायला सुमारे सव्वादोन मिनिटे पुरतात. पुढे चार-पाच मिनिटे शिजला की भाजी झाली. विस्तवावर एकूण सात मिनिटे.

आता वसतिगृहाचे गणित. मुले १६०, दर मुलामागे १२५ ग्रॅम कोबी, म्हणजे २० किलो. घरच्यापेक्षा चाळीसपट. मोठ्या शेगडीची उष्णता घरच्या शेगडीच्या पाचपट धरली, तरी तापायला लागणारा वेळ आठपट होतो, म्हणजे सुमारे १८ मिनिटे. ही १८ मिनिटे सर्व भाजीला सारखी मिळत नाहीत, हे आणखी वाईट. तळाचा थर तीन-चार मिनिटांतच उकळीला येतो, वरचा थर तेव्हा हाताला गारच लागतो. वरचा कोबी तापून शिजेपर्यंत तळाचा कोबी वीस-पंचवीस मिनिटे उकळत राहिलेला असतो. कालथ्याने ढवळले तरी २० किलोचा ढीग तळापासून वर उलथणे एका माणसाच्या हाताचे काम नव्हे. आणि मधला थर त्या कोमट टप्प्यात, जेथे विकरांना मोकळे रान असते, दहा-दहा मिनिटे रेंगाळतो. घरच्या कढईत तो टप्पा मिनिटाभरात ओलांडला जातो. थोडक्यात, एकाच पातेल्यात तीन निरनिराळ्या वेळेला शिजलेल्या तीन भाज्या असतात, आणि वास सर्वांत जास्त शिजलेल्या भाजीचा येतो.

यावर पाणी घालून भाजी लवकर शिजवावी, असा एक समज आहे. पाणी घातले की तेही तापवावे लागते. २० किलो कोबीत ५ लिटर पाणी ओतले तर त्यासाठी आणखी चार-पाच मिनिटे जातात. कोबीचे स्वतःचे पाणी मीठ पडताच सुटते. भाजीसाठी तेवढे पुरते.

विस्तवावरून उतरल्यावर शिजणे थांबते, हा दुसरा समज. अर्धा किलो भाजी कढईतून वाडग्यात काढली की पंधरा मिनिटांत ती खाण्याजोगी निवते. २० किलोचे गच्च भरलेले पातेले झाकून ठेवले तर त्याच्या मध्यभागातील उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते. पहिल्या तासात ती फार थोडी उतरते. सकाळी साडेदहाला भाजी तयार झाली आणि मुलांची पंगत साडेबाराला बसली, तर मधले दोन तास ती भाजी मंद आचेवर होती असेच समजावे. गॅस बंद असतो, रसायनक्रिया बंद नसते. आमच्या मते वसतिगृहातील कोबीच्या वासाचे सर्वांत मोठे कारण हेच दोन तास आहेत. प्रत्यक्ष शिजवण्यातील चूक त्याखालोखाल.

आता झाकणाकडे वळू. झाकण वासाचे मूळ कारण नाही, हे आधी सांगितले पाहिजे, कारण झाकण काढले की वास जाईल असे पुष्कळांना वाटते. झाकण दोन कामे करते आणि ती परस्परविरुद्ध आहेत. वाफ कोंडून ते भाजीला वरूनही उष्णता देते, त्यामुळे वरचा थर लवकर तापतो आणि एकूण वेळ वाचतो. हे चांगले काम. दुसरीकडे, भाजीतून निघालेले उडून जाणारे पदार्थ ते बाहेर जाऊ देत नाही. हायड्रोजन सल्फाइड तर वायूच आहे. मिथाइल गटाची संयुगेही वाफेबरोबर सहज वर चढतात. झाकण उघडे असेल तर ती वाफेसोबत निघून जातात. झाकण बंद असेल तर वाफ झाकणाच्या आतल्या अंगाला लागून थेंब होते, आणि ते थेंब जमवलेल्या वासासकट परत भाजीत पडतात. भाजीतील तेलही हा वास धरून ठेवते. म्हणून लांबलेल्या, झाकलेल्या भाजीचे झाकण काढताच एकदम भपकारा येतो, आणि झाकण काढून ठेवल्यावरही भाजीला तो वास राहतो.

झाकणाखाली रंगही बिघडतो. भाजी तापताना पेशींतून काही आम्ले सुटतात आणि त्यांतली काही वाफेबरोबर उडतात. ती कोंडली गेली की हरितद्रव्यावर परिणाम करतात आणि कोबीची कोवळी हिरवी छटा जाऊन मळकट, खाकी रंग येतो. रंग खाकी होणे आणि वास उग्र होणे या दोन निराळ्या क्रिया असल्या, तरी त्यांची वेळ जवळजवळ एकच. म्हणून डोळ्यांनी रंग पाहून नाकाआधी इशारा मिळू शकतो.

यावरून झाकणाचा नियम सहज निघतो. वासाचे पदार्थ फारसे तयार होत नाहीत त्या आरंभीच्या दोन-तीन मिनिटांत झाकण ठेवावे, म्हणजे भाजी लवकर तापते. झाकणाच्या कडेने वाफ जोराने निघू लागली की झाकण काढावे, ते पुन्हा ठेवू नये. एवढ्याने जे थोडे वायू तयार होतील ते वर निघून जातील. त्या वेळी स्वयंपाकघरात थोडा वास दरवळेल. तो नाकाला जाणवतो म्हणून घाईघाईने झाकण घालण्याचा मोह होतो. परंतु जो वास खोलीत आला तो भाजीतून गेला, हे ध्यानात ठेवावे, आणि खिडकी उघडावी. एकूण शिजण्याचा वेळ पाच-सहा मिनिटांचा असेल तर झाकणाने होणारा फरक लहान असतो. वेळ अर्ध्या तासाचा झाला असेल तर झाकण उघडे ठेवूनही भाजी वाचत नाही. आधी वेळ, मग झाकण, असा हा क्रम आहे.

तर मग १६० मुलांची भाजी कशी करावी? २० किलोचे चार वाटे करावेत, प्रत्येकी ५ किलोचे. खोल पातेल्याऐवजी रुंद तोंडाची मोठी कढई घ्यावी. तीत भाजीचा थर पसरट राहतो आणि वाफेला मोकळी वाट मिळते. वरच्याच हिशेबाने ५ किलो कोबी त्या मोठ्या शेगडीवर साडेचार मिनिटांत तापतो. कोबी फार आधी चिरून ठेवू नये, कारण चिरल्या क्षणापासून विकरांचे काम चालू होते. फोडणी चांगली तापल्यावर कोबी टाकावा, तेलाच्या उष्णतेने तळाच्या भाजीतील विकरे लगेच थंडावतात. मीठ घालून एकदा खालवर करून झाकण ठेवावे. वाफ आली की झाकण काढून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतावे. देठाकडचा जाड तुकडा दाताखाली किंचित कुरकुरला पाहिजे. तो पुरता मऊ होईपर्यंत थांबू नये, कारण ताटात पडेपर्यंत आतली उष्णता उरलेले काम करते. फोडणी धरून एका वाट्याला बारा मिनिटे लागतात. दोन शेगड्या असतील तर चारही वाटे पंचवीस मिनिटांत होतात. एका मोठ्या पातेल्यालाही तापण्या-शिजण्यासाठी अर्धा तास लागतच होता, म्हणून वेळ वाया गेला असे होत नाही. फोडण्या चार कराव्या लागतात आणि कढई चारदा रिकामी करावी लागते, एवढे श्रम वाढतात. हे श्रम स्वयंपाकघरातील मावशींनाच पडतात, म्हणून त्यांच्या हाताखाली त्या अर्ध्या तासापुरते एक माणूस अधिक द्यावे हे व्यवस्थापनाचे काम आहे. नुसती सूचना देऊन हे साधणार नाही.

वरण, भात, पोळ्या आधी उरकाव्यात आणि कोबी शेवटी लावावा. पंगती दोन बसत असतील तर दोन वाटे पहिल्या पंगतीच्या तोंडावर आणि दोन दुसरीच्या तोंडावर करावेत. तयार भाजी खोल पातेल्यात दाबून भरू नये. परातीत चार बोटे उंचीचा थर करून पसरावी आणि वाफ गेल्यावर वरून जाळी किंवा स्वच्छ पातळ कापड घालावे. मात्र अशी पसरलेली भाजी लगेच वाढण्यासाठीच असावी. कोमट अवस्थेत दोन तासांहून अधिक काळ अन्न ठेवणे प्रकृतीला धोक्याचे आहे, म्हणून वास टाळण्यासाठी सकाळीच करून परातीत ठेवून दिली, असे करता येणार नाही.

फ्लॉवरचे थोडे निराळे आहे. त्याचे तुरे जाड असतात, उष्णता आत शिरायला वेळ लागतो, आणि रस्सा करायचा तर तो रश्श्यातच शिजवण्याची आपली रीत आहे. मसाल्याच्या रश्श्यात वीस मिनिटे खदखदलेल्या फ्लॉवरचा वास सबंध रश्श्यात उतरतो आणि बटाट्यालाही लागतो. येथे आधणाचा उपयोग करावा. तुरे एकसारखे, सुमारे दीड इंचाचे करावेत. किडींसाठी थंड मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून निथळावेत. हे पाणी कोमट असू नये, कोमट पाणी विकरांना सोयीचे. मग २० लिटर पाण्याला खळखळून आधण आणावे, हळद-मीठ घालावे आणि एका वेळी ३ किलोच तुरे सोडावेत. पाणी पुष्कळ असल्याने तुरे पडल्यावर ते फार निवत नाही, मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा उकळते. तुरे पटकन तापतात, विकरे निकामी होतात आणि गंधकद्रव्यांचा काही भाग पाण्यात उतरतो. भांडे उघडेच ठेवावे. तीन मिनिटांनी झाऱ्याने तुरे काढून परातीत पसरावेत. बटाटा आणि मसाला स्वतंत्र शिजवून रस्सा तयार झाल्यावर वाढण्याच्या चार-पाच मिनिटे आधी तुरे त्यात सोडावेत. या पद्धतीत पाण्यासोबत जीवनसत्त्व क चा काही भाग जातो, हे खरे. परंतु वीस मिनिटे उकळूनही ते नष्ट होते, आणि बादलीत गेलेल्या भाजीतले तर सगळेच जाते.

कुकरविषयी विचारले जाते. कुकरमध्ये तापमान १०० अंशांवर न थांबता १२० अंशांच्या जवळ जाते, झाकण पूर्ण बंद असते, आणि शिट्टी झाल्यावरही दाब उतरेपर्यंत भाजी शिजतच राहते. या लेखात जे जे टाळायला सांगितले ते सर्व कुकर एकाच वेळी करतो. डाळीसाठी तो उत्तम, कोबी-फ्लॉवरसाठी नव्हे. सोड्याबद्दलही तेच. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की कोबी हिरवागार दिसतो, पण गाळ होतो, जीवनसत्त्वे जातात आणि वास काही जात नाही. फ्लॉवर तर सोड्याने पिवळा पडतो. आले, कोथिंबीर, ओले खोबरे यांनी वास झाकला जातो, नाहीसा होत नाही. वेळेवर उतरवलेल्या भाजीत हे सारे घालावे, ते चवीसाठी.

मालाचा दोष अजिबात नसतो असेही नाही. उन्हाच्या दिवसांत, पाण्याच्या ओढीत वाढलेल्या कोबीत गंधकद्रव्ये अधिक असतात, थंडीतला कोबी गोड असतो. म्हणून मार्च-एप्रिलच्या कोबीला शिजवताना एखादे मिनिट कमीच द्यावे. रात्रीसाठी उरलेली भाजी पुन्हा तापवली की दुपारी थांबलेली क्रिया तेथूनच पुढे चालू होते, हेही येथेच सांगून ठेवतो. कोबी रात्रीसाठी उरवू नये.

हे सर्व वर्गात दाखवायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. प्रयोगशाळेत लेड ॲसिटेटचा कागद असतो. हायड्रोजन सल्फाइड लागले की तो तपकिरी आणि पुढे काळा पडतो. चंचुपात्रात १०० ग्रॅम चिरलेला कोबी आणि ३०० मिलिलिटर उकळते पाणी घेऊन उकळत ठेवावे. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि पंधराव्या मिनिटाला दर वेळी नवा ओला कागद चिमट्याने धरून, वाफेवर अर्धा मिनिट ठेवावा आणि मग क्रमाने वहीच्या पानावर मांडावा. तोच प्रयोग दुसऱ्या पात्रावर काचेची तबकडी झाकून करावा आणि कागद धरण्यापुरतीच ती सरकवावी. कागदांच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की वेळेचा आणि झाकणाचा परिणाम मुलांना स्वतः वाचता येतो. लेड ॲसिटेट विषारी आहे. कागद शिक्षकांनीच हाताळावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, प्रयोग स्वयंपाकघरात करू नये, आणि त्यातला कोबी कोणी खाऊ नये.